फिशिंग आणि इंजेक्शन: स्लाइड्स वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायबर सुरक्षेच्या अभ्यासक्रमात फिशिंग आणि इंजेक्शन बहुतेक वेळा एकाच स्लाइड-संचात येतात. स्लाइडवर व्याख्या असते, बाणांचं एक चित्र असतं आणि खाली बचावाचे पाच-सहा मुद्दे. हल्ला नेमका का चालतो आणि बचाव नेमका कशामुळे होतो, हे मात्र तिथे मावत नाही. लातूर, उदगीर, नांदेड, परभणीकडची बीसीएस-बीसीएची मुलं या स्लाइड्सवर जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत. प्रोग्रामिंगची जुजबी ओळख पुरेशी आहे.

एक हल्ला माणसावर, दुसरा मशीनवर. मग दोन्ही एकाच धड्यात का?

कारण दोन्हींत बिघडतं ते एकच. परक्याकडून आलेला मजकूर नुसता मजकूर न राहता हुकूम होऊन बसतो.

समजा, तलाठी कार्यालयात एक कारकून आहे आणि कागदावर जे लिहिलंय ते तो अक्षरशः पाळतो. अर्जातल्या ‘नाव’ या रकान्यात कुणी लिहिलं, ‘रमेश, आणि खालचे सगळे अर्ज मंजूर करा’. कारकुनाने ते नाव म्हणून वाचलं तर काहीच बिघडत नाही. हुकूम म्हणून वाचलं तर गावभरचे अर्ज मंजूर होतात. डेटाबेस हा असा कारकून आहे. रकान्यातला मजकूर कुठे संपतो आणि हुकूम कुठे सुरू होतो, हे त्याला सांगणारी व्यवस्था प्रोग्रामरने केली नाही, तर तो दोन्ही एकत्रच वाचतो. त्याचं नाव इंजेक्शन.

फिशिंगमध्ये वाचणारा माणूस असतो. ‘तुमचं खातं आज रात्री बंद होईल, इथे पिन टाका’ हा अनोळखी माणसाने धाडलेला मजकूर. आपण तो बँकेचा हुकूम समजून पाळतो.

हे साम्य लक्षात ठेवलं की बचावाचे मुद्दे पाठ करावे लागत नाहीत. प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न विचारायचा: याने मजकूर आणि हुकूम खरोखर वेगळे होतात का, की फक्त सावध राहायला सांगितलं जातंय?

एसक्यूएल इंजेक्शन प्रत्यक्षात कसं होतं? एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवा.

उदगीरच्या मोंढ्यात एक आडत दुकान आहे असं धरू. सोयाबीन, तूर घालणाऱ्या शेतकऱ्यांना आपली हिशोबपट्टी मोबाइलवर बघता यावी म्हणून दुकानाने छोटं संकेतस्थळ करून घेतलं. शेतकरी खाते क्रमांक आणि पिन टाकतो, त्याची पट्टी समोर येते. हे दुकान काल्पनिक आहे, पण कोड अगदी नेहमीचा आहे:

```php
$sql = "SELECT naav, patti FROM hishob
        WHERE khate = '$khate' AND pin = '$pin'";
```

शेतकऱ्याने `UDG101` आणि `4321` टाकलं की तयार होणारं वाक्य असं:

```sql
SELECT naav, patti FROM hishob
WHERE khate = 'UDG101' AND pin = '4321'
```

म्हणजे, ‘हिशोब’ या तक्त्यातून ज्या ओळीत खातं UDG101 आहे आणि पिन 4321 आहे ती ओळ दे. इथवर ठीक.

आता एकेरी अवतरणचिन्हाकडे बघा. डेटाबेससाठी ते चिन्ह कुंपणाचं काम करतं. पहिल्या चिन्हापासून मजकूर सुरू, दुसऱ्या चिन्हाला मजकूर संपला. हे कुंपण प्रोग्रामरने घातलं खरं, पण पिनच्या रकान्यात तेच चिन्ह टाइप करायला बाहेरच्या माणसाला कुणी अडवलेलं नाही. त्याने पिनच्या जागी `' OR '1'='1` असं लिहिलं तर वाक्य होतं:

```sql
SELECT naav, patti FROM hishob
WHERE khate = 'UDG101' AND pin = '' OR '1'='1'
```

त्याने टाकलेल्या पहिल्याच चिन्हाने पिनचा मजकूर रिकामा असतानाच संपवला. पुढचं `OR` कुंपणाबाहेर पडलं आणि हुकुमाचा भाग झालं. एसक्यूएलमध्ये `AND` आधी सोडवला जातो, `OR` नंतर. त्यामुळे डेटाबेस हे वाक्य असं वाचतो: ‘खातं UDG101 आहे आणि पिन रिकामा आहे’, किंवा ‘१ बरोबर १’. पहिली अट खोटी ठरते. दुसरी प्रत्येक ओळीसाठी खरीच असते. म्हणून एका शेतकऱ्याची नव्हे, दुकानाच्या सगळ्या शेतकऱ्यांची नावं आणि पट्ट्या बाहेर येतात.

पुष्कळ स्लाइड्सवर ‘पासवर्ड तोडला जातो’ असं लिहिलेलं असतं. वरच्या उदाहरणात पिन कुणीही तोडलेला नाही, ओळखलेला नाही. पिन विचारणारी अटच निकामी झाली. त्यामुळे ‘पिन चार अंकांऐवजी बारा अक्षरांचा करू’ या उपायाचा इथे काडीचा उपयोग नाही.

मग यावर खरा उपाय कोणता?

हुकूम आणि मजकूर डेटाबेसकडे वेगवेगळे पाठवणं. स्लाइडवर याला ‘पॅरामीटराइज्ड क्वेरी’ किंवा ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ म्हटलेलं असतं. तोच कोड असा होतो:

```php
$q = $db->prepare("SELECT naav, patti FROM hishob
                   WHERE khate = ? AND pin = ?");
$q->execute([$khate, $pin]);
```

पहिल्या पायरीत डेटाबेसला फक्त सांगाडा मिळतो. दोन ठिकाणी प्रश्नचिन्हं आहेत, म्हणजे तिथे किमती नंतर येणार. डेटाबेस तो सांगाडा वाचतो, अटी कोणत्या ते ठरवतो आणि वाक्याचा अर्थ तिथेच पक्का होतो. दुसऱ्या पायरीत किमती येतात तेव्हा त्या फक्त मोकळ्या जागांत बसतात. अर्थ लावण्याचं काम आधीच उरकलेलं असल्याने त्यातलं अवतरणचिन्ह काही संपवत नाही आणि `OR` काही जोडत नाही.

आता कुणी पिनच्या जागी तोच `' OR '1'='1` टाकला, तर डेटाबेस असा शेतकरी शोधतो ज्याचा पिन अक्षरशः ही अक्षरं आहे. तसा कुणीच नाही. उत्तरात शून्य ओळी.

एक बारकावा स्लाइडवर सहसा नसतो. पीएचपीचं पीडीओ हे साधन मायएसक्यूएलबरोबर वापरताना मुळात या दोन पायऱ्यांची नक्कल करतं. म्हणजे किमतीतली चिन्हं निष्प्रभ करून तेच एक वाक्य तयार करतं आणि पाठवतं. दोन्ही गोष्टी खरोखर वेगळ्या पाठवायच्या असतील तर जोडणी करताना `PDO::ATTR_EMULATE_PREPARES` ला `false` द्यायचं.

आणि खऱ्या संकेतस्थळावर पिन असा उघडा साठवूच नये. त्याचा हॅश ठेवावा, क्वेरीने फक्त खातं शोधावं आणि पिनची पडताळणी `password_verify` ने करावी. इथे उदाहरण सोपं राहावं म्हणून पिन क्वेरीत ठेवला आहे.

‘इनपुट सॅनिटाइज करा’ असंही स्लाइडवर आहे. अवतरणचिन्ह आणि ‘OR’ हे शब्दच बंद केले तर?

हा प्रश्न हमखास येतो. उपाय सोपा वाटतो, पण भरवशाचा नाही.

एक तर यात खऱ्या माणसांची अडवणूक होते. डिसूझा आडनाव इंग्रजीत लिहिताना मध्ये तेच चिन्ह येतं: `D'Souza`. चिन्ह बंद केलं की त्या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. ‘UNION’ शब्द बंद केला की कामगार युनियनचा अर्ज अडतो. `OR` नुसतं अक्षरांवरून काढून टाकलं तर `More` या आडनावातलंही जाईल.

दुसरं म्हणजे, ज्याला घुसायचंय त्याला पर्यायी वाटा भरपूर असतात. लहान-मोठी अक्षरं मिसळता येतात, काही डेटाबेसमध्ये `OR` ऐवजी `||` चालतं, तीच अक्षरं वेगळ्या सांकेतिक रूपात पाठवता येतात. आणि जिथे किंमत आकडा असल्याने प्रोग्रामरने अवतरणचिन्ह घातलेलंच नाही, तिथे घुसणाऱ्यालाही त्याची गरज पडत नाही. बंदीची यादी करणाऱ्याला सगळ्या वाटा आठवाव्या लागतात, घुसणाऱ्याला एकच सापडली तरी पुरते.

इनपुट तपासणं निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. खाते क्रमांक तीन अक्षरं आणि तीन आकडे असाच असतो, तर तसाच घ्यावा. त्याने चुकीची नोंद टळते आणि हल्ल्याला जागाही कमी मिळते. पण ती बाजूची भिंत झाली. मुख्य उपाय म्हणजे हुकूम आणि मजकूर वेगळे करणं, आणि तो केल्याशिवाय बाकीच्यांवर भिस्त ठेवू नये.

पॅरामीटराइज्ड क्वेरी वापरली की काम संपलं का?

नाही. प्रश्नचिन्हाच्या जागी फक्त किंमत बसते. तक्त्याचं नाव, स्तंभाचं नाव, `ORDER BY` नंतरचा शब्द तिथे बसत नाही, कारण तो सांगाड्याचाच भाग असतो.

आडत दुकानाच्या संकेतस्थळावर ‘तारखेनुसार लावा’ आणि ‘भावानुसार लावा’ अशी दोन बटणं आहेत असं समजा. प्रोग्रामर बाकी सगळीकडे नीट वागतो आणि इथे मात्र ब्राउझरकडून आलेला शब्द थेट `ORDER BY` ला जोडून टाकतो. भोक पुन्हा पडलं. इथे उपाय असा की आलेला शब्द वापरायचाच नाही. `tarikh` आला तर आपल्या कोडमध्ये आपणच लिहिलेला `tarikh`, `bhav` आला तर आपणच लिहिलेला `bhav`, आणि तिसरं काहीही आलं तर नकार.

दुसरी फसगत ‘स्टोअर्ड प्रोसिजर’ची. ती डेटाबेसच्या आत राहते म्हणून सुरक्षित, अशी समजूत आहे. पण आत जाऊनही कुणी तुकडे जोडून वाक्य बनवत असेल आणि ते चालवत असेल, तर धोका तसाच राहतो.

‘लीस्ट प्रिव्हिलेज’चा इथे काय संबंध?

लीस्ट प्रिव्हिलेज म्हणजे कामापुरतीच परवानगी देणं. भोक राहिलंच, तर नुकसान किती व्हावं हे त्यावर ठरतं. हिशोबपट्टी दाखवणाऱ्या पानाला `hishob` हा तक्ता वाचण्यापुरतीच परवानगी लागते. ते पान डेटाबेसच्या मुख्य खात्याने, म्हणजे `root` ने जोडलेलं असेल, तर त्याच भोकातून तक्ते पुसताही येतात. फक्त वाचण्याचं वेगळं खातं करायला पाच-दहा मिनिटं लागतात. लहान प्रकल्पांत हे काम सर्वांत जास्त टाळलं जातं, आणि पुढे तोच प्रकल्प कुणाच्या तरी दुकानात खराखुरा चालू होतो.

हल्ला होतोय हे कळतं कसं?

पानावर `You have an error in your SQL syntax` असा इंग्रजी मजकूर उमटू लागला, तर ती पहिली खूण. त्याचा अर्थ, बाहेरून आलेल्या चिन्हाने वाक्य मोडलं. वापरणाऱ्याचा काहीही वाईट हेतू नसेल, डिसूझाने फक्त आपलं आडनाव लिहिलं असेल, तरी भोक आहे हे सिद्ध होतं.

पुष्कळ जण यावर हा मजकूर लपवतात आणि निवांत होतात. लपवायला हवाच, कारण त्यातून तक्त्यांची नावं बाहेर जातात. पण भोक तसंच राहतं. त्रुटी दिसत नसताना चालणाऱ्या हल्ल्याला ‘ब्लाइंड’ इंजेक्शन म्हणतात. त्यात घुसणारा डेटाबेसला हो किंवा नाही असे प्रश्न विचारतो: ‘उत्तर हो असेल तर पाच सेकंद थांब’. पान उशिरा आलं तर हो, लगेच आलं तर नाही. अशा शेकडो प्रश्नांतून एकेक अक्षर गोळा होतं. म्हणून सर्व्हरच्या लॉगमध्ये एकाच पत्त्यावरून थोड्या वेळात आलेल्या शेकडो विनंत्या आणि त्यांत `SLEEP(`, `UNION SELECT` किंवा एकटी अवतरणचिन्हं दिसली, तर ती दुसरी खूण.

हे जुनं झालं ना? आता कोण असा कोड लिहितं?

या पद्धतीचं पहिलं जाहीर वर्णन १९९८ साली डिसेंबरात ‘फ्रॅक’ या नियतकालिकात आलं. तरीही ओवॅस्प ही संस्था वेब सुरक्षेतल्या सर्वांत गंभीर धोक्यांची जी यादी काढते, तिच्यात २०१० पासून २०१७ पर्यंतच्या तिन्ही आवृत्त्यांत इंजेक्शन पहिल्या क्रमांकावर होतं, आणि २०२१ मध्ये तिसऱ्या.

जुना कोड आपोआप मरत नाही, हे त्याचं मोठं कारण. ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीवर ऑक्टोबर २०१५ मध्ये एसक्यूएल इंजेक्शननेच हल्ला झाला आणि १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली. ज्या पानांतून शिरकाव झाला, ती पानं कंपनीने स्वतः लिहिलेलीही नव्हती. २००९ मध्ये टिस्काली या कंपनीचा ब्रिटनमधला कारभार विकत घेताना ती तिच्याबरोबर आली होती. ती अजून चालू आहेत हे नीट तपासलंच गेलं नाही. तिथल्या माहिती आयुक्तांनी २०१६ मध्ये कंपनीला चार लाख पौंड दंड केला.

आपल्याकडे याचं छोटं रूप कुठेही सापडेल. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या नोंदणीसाठी तीन वर्षांपूर्वी केलेलं पान, करणारी मुलं पास होऊन पुण्याला गेली, पान मात्र त्याच सर्व्हरवर चालू. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने आधी आपल्याकडे कोणकोणती पानं जिवंत आहेत याची यादी करावी आणि नको ती बंद करावीत.

स्लाइडवर एक्सएसएस आणि कमांड इंजेक्शनही आहे. ते वेगळं काय?

कारण तेच, वाचणारा वेगळा. एसक्यूएल इंजेक्शनमध्ये डेटाबेस फसतो. कमांड इंजेक्शनमध्ये सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम फसते, कारण प्रोग्रामने फाइलचं नाव किंवा पत्ता थेट कमांडला जोडलेला असतो. एक्सएसएसमध्ये पान बघणाऱ्या दुसऱ्याच माणसाचा ब्राउझर फसतो: कुणीतरी अभिप्रायाच्या रकान्यात स्क्रिप्ट लिहून ठेवतो आणि पान उघडणाऱ्या प्रत्येकाकडे ती चालते. तिथे पान दाखवताना `<` सारखी चिन्हं ब्राउझरला नुसती अक्षरं म्हणून दिसतील अशी बदलून द्यायची, हा मुख्य बचाव.

आता फिशिंग. दुवा खरा की खोटा हे ओळखायची पक्की रीत आहे का?

भाषेच्या चुकांवरून ओळखा, असं जुन्या स्लाइड्स सांगतात. त्यावर आता विसंबू नये, कारण खोटे संदेश शुद्ध मराठीतही येतात. पत्ता वाचायला शिकणं जास्त कामाचं आहे.

खरीप पीक विम्याचे दिवस आहेत असं धरा. गंगाखेडच्या एका काकांच्या व्हॉट्सॲपवर संदेश आला: ‘तुमचा सोयाबीन विमा अर्ज अपूर्ण आहे. आज केवायसी न केल्यास रद्द होईल.’ खाली दुवा:

```
https://pmfby.gov.in.vima-labh.example/login
```

पीक विम्याचं खरं संकेतस्थळ `pmfby.gov.in` आहे, आणि ते नाव दुव्यात दिसतंय. काकांना ते ओळखीचं वाटणार. आता पायरीपायरीने वाचू.

`https://` च्या पुढून पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या. तो आहे `pmfby.gov.in.vima-labh.example`. आता उजवीकडून डावीकडे या. शेवटचा शब्द `example`, त्याच्या आधीचा `vima-labh`. या पत्त्याचा मालक या दोन शब्दांनी ठरतो: `vima-labh.example`. त्याच्या डावीकडे काय लिहायचं हे तो मालक स्वतः ठरवतो, कुणाला विचारावं लागत नाही. त्याने `pmfby.gov.in` लिहिलं, उद्या तो कुठल्याही बँकेचं नाव लिहील. खऱ्या पत्त्यात पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी लगत `.gov.in` असतं, आणि ते सरकारी कार्यालयांनाच मिळतं. तिथे शेवट दोन शब्दांचा असल्याने मालक ओळखायला उजवीकडून तीन शब्द घ्यायचे. (`.example` हा शेवट फक्त नमुन्यांसाठी राखीव असल्याने इथे वापरला आहे. प्रत्यक्षात तिथे कोणताही स्वस्तात मिळणारा शेवट असतो.)

याचा एक भाऊबंद आहे:

```
https://pmfby.gov.in@vima-labh.example/
```

`@` च्या आधीचा भाग ब्राउझर पत्ता म्हणून धरतच नाही, वापरकर्त्याचं नाव म्हणून धरतो. जायचं ठिकाण `@` च्या पुढे असतं.

बँकांसाठी अलीकडे एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळं `.bank.in` या शेवटाखाली न्यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. हा शेवट फक्त बँकांनाच दिला जातो. त्यामुळे उजवीकडून वाचायची सवय लागली की बँकेचा पत्ता ओळखणं पूर्वीपेक्षा सोपं आहे.

कुलुपाचं चिन्ह दिसत होतं. तरी पान खोटं कसं?

कुलूप एवढंच सांगतं की तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यातलं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय याची हमी ते देत नाही. कुलुपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं, आणि `vima-labh.example` च्या मालकालाही मिळतं. त्याच्याशी चाललेलं बोलणं अगदी सुरक्षितपणे त्याच्यापर्यंत पोचतं.

ओटीपी असताना भीती कशाची?

खोटं पान ओटीपीही मागतं. काकांनी खोट्या पानावर पासवर्ड टाकला की पलीकडचा माणूस किंवा त्याचा प्रोग्राम तोच पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर टाकतो. खरं संकेतस्थळ काकांच्या फोनवर खरा ओटीपी पाठवतं. काका तो खोट्या पानावर लिहितात, पलीकडचा खऱ्या पानावर. मुदत संपायच्या आत काम होतं. ओटीपी खरा होता, वेळेत आला होता, पण तो कुठे टाइप होतोय हे ओटीपीला कळत नाही.

आणखी एक प्रकार आपल्याकडे फार पसरलाय: दुव्याऐवजी `.apk` फाइल. कधी ती पीएम किसानच्या नावाने येते, कधी आरटीओच्या दंडाच्या पावतीच्या, तर कधी लग्नपत्रिकेच्या. ती टाकताना फोन ‘अनोळखी ठिकाणाहून ॲप घ्यायचं का’ विचारतो आणि ॲप ‘एसएमएस वाचू द्या’ म्हणतं. हे दोन्ही प्रश्न लागोपाठ आले की तिथेच थांबावं. एसएमएस वाचायला मिळाले की ओटीपी विचारायचीही गरज उरत नाही.

मग फिशिंगवर ‘सावध राहा’ याच्या पलीकडे काय आहे?

आहे, आणि स्लाइडवर त्याला जागा कमी मिळते. दिवसभर मोंढ्यात उभं राहून थकलेल्या माणसाने प्रत्येक दुवा उजवीकडून वाचावा ही अपेक्षा प्रत्येक वेळी पुरी होणार नाही. इंजेक्शनमध्ये आपण प्रोग्रामरच्या सावधपणावर न थांबता रचनाच बदलली. इथेही तसं करता येतं.

पहिली सोय पासवर्ड मॅनेजरची. ज्या पत्त्यासाठी पासवर्ड साठवला, त्याच पत्त्यावर तो आपणहून भरतो. पान हुबेहूब असलं तरी पत्ता वेगळा, म्हणून तो गप्प राहतो. नेहमी भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नाही, हीच धोक्याची खूण. अशा वेळी हाताने टाइप करून पुढे गेलं तर सोय वाया गेली.

त्याहून भक्कम पासकी. तिच्यात टाइप करून देण्यासारखं काही नसतंच. फोनमध्ये एक गुप्त किल्ली असते आणि ती खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. ब्राउझर स्वतः पत्ता जुळवतो. तो जुळला नाही तर सही होतच नाही, काकांनी कितीही मनापासून बटण दाबलं तरी. वर सांगितलेला ओटीपी पळवण्याचा डाव इथे चालत नाही. मर्यादा अशी की सगळ्या सेवा अजून पासकी देत नाहीत, आणि देणाऱ्या पुष्कळ सेवा ‘पासवर्ड विसरलात?’ ही जुनी वाटही उघडी ठेवतात.

यूपीआयमध्ये रचना वेगळी असल्याने एक साधा नियम पुरतो. पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. ‘विम्याचे पैसे जमा करायचेत, पिन टाका’ असं कुणी म्हणालं की पुढे काही तपासायची गरज नाही.

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे काय आहे?

ई-मेलच्या पाठवणाऱ्याची पडताळणी. एसपीएफमध्ये पत्त्याचा मालक जाहीर करतो की आमच्या नावाने फक्त या सर्व्हरवरून मेल येईल. डीकेआयएममध्ये मेलवर त्या पत्त्याची डिजिटल सही असते. दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं, स्पॅममध्ये टाकायचा की परत फिरवायचा, हे डीमार्कमध्ये मालकच सांगून ठेवतो.

याने तुमच्या नेमक्या पत्त्याची नक्कल थांबते. पण कुणी एक अक्षर बदलून स्वतःचा नवा पत्ता घेतला, तर त्याच्या स्वतःच्या पत्त्यासाठी तिन्ही तपासण्या व्यवस्थित पास होतात. जिनिंग मिलच्या हिशोबनीसाला ‘आमचं बँक खातं बदललंय, बिल नव्या खात्यात भरा’ असा मेल व्यापाऱ्याच्या नावाने येतो तो बहुधा असाच. तिथे मेलमध्ये दिलेल्या नंबरवर विचारू नये. आधीपासून वहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करावी.

पैसे गेलेच, तर पहिल्या तासात काय करायचं?

आधी १९३० वर फोन आणि बँकेला फोन. १९३० ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तक्रार लवकर पोचली तर पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तिथेच रोखता येतात, उशीर झाला की ते चार खात्यांत विखुरतात. लेखी तक्रार `cybercrime.gov.in` वर करता येते.

बँकेला कळवण्याची वेळ आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलंय की ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजेखातर घरात लपवून ठेवण्यात नुकसान वाढतं. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

`.apk` टाकली असेल तर फोनचं इंटरनेट बंद करा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, त्याच फोनवरून नको. आलेला संदेश पुसू नका, पोलिसांना तो लागतो.

हे स्वतः करून बघायचंय. कुठे बघू?

स्वतःच्या मशीनवर. `DVWA`, `WebGoat` आणि `OWASP Juice Shop` ही मुद्दाम भोकं ठेवलेली संकेतस्थळं सरावासाठी फुकट मिळतात. ती कॉलेजच्या सर्व्हरवर बाहेरून दिसतील अशी ठेवू नका.

दुसऱ्याच्या संकेतस्थळावर ‘नुसतं बघायला’ म्हणूनही एक अवतरणचिन्ह टाकू नका. परवानगीशिवाय असं घुसण्यावर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ची कलमं ४३ आणि ६६ लागू शकतात, आणि ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

सरावाची चांगली सुरुवात अशी: वरच्या उदाहरणासारखा `hishob` तक्ता स्वतः करा आणि तुकडे जोडून केलेल्या `INSERT` मधून `D'Souza` नाव भरून बघा. त्रुटी येईल. मग तोच कोड `prepare` ने लिहा आणि तेच नाव पुन्हा भरा. ते जसंच्या तसं साठवलं जाईल. त्यानंतर `OR` असलेला पिन वरच्या दोन्ही `SELECT` कोडांत टाकून बघा आणि प्रत्येक वेळी किती ओळी परत येतात ते लिहून ठेवा.